सापडलेली गुहा, करवलेलं लेणं

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, पांडवलेण्यांपाशी, मी आधीही गेलो होतो, पण या वेळी पाठपिशवीत सहा फलकांचा मजकूर होता. एका हेरिटेज वॉकसाठी मराठीवरून इंग्रजी करून दिलेला. छापायला जाण्याआधी तो जागेवर वाचून बघायचा होता. पायऱ्या चढेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला.

सोबत एका मित्राची परदेशी पाहुणी होती. दहाव्या लेण्यासमोर तिला मसुदा दिला. 'लेणी'चं मी सरळ 'केव्ह' केलं होतं. तिने वाचलं, आत जाऊन सपाट छत पाहिलं, तिन्ही बाजूंच्या सोळा खोल्या मोजल्या आणि विचारलं, "भिक्षूंना सापडली तेव्हा ही गुहा केवढी होती?"

चूक माझ्या शब्दाची. गुहा सापडते, लेणं करवून घेतात. आणि हे तिथल्या भिंतीवरच लिहिलंय! क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या लेखात म्हणतो की हे 'लेण' करवलं आणि या 'पोढी'ही.

ओट्यावर बसून वाक्य बदललं. 'लेणी' हाच शब्द ठेवला आणि त्याच वाक्यात सांगून टाकलं की ही भिक्षूंच्या निवासासाठी डोंगराच्या कड्यात छिन्नीने कोरलेली दालनं आहेत. अर्थ कंसात घातला नाही. उन्हात उभा असलेला माणूस कंस गाळून पुढे जातो. शिवाय प्रत्येक फलकावर ही ओळख पुन्हा दिली, कारण लोक पहिल्या फलकापासून वाचत येतातच असं नाही. एकवचनालाही 'लेणी'च ठेवलं, नाहीतर इंग्रजी वाचणाऱ्याला लेणं आणि लेणी या दोन वेगळ्या वस्तू वाटतात. लेणं म्हणजे दागिनाही, ही गंमत मात्र पलीकडे नेता आली नाही.

'पोढी'चा निर्णय उलटा घेतला. पोढी म्हणजे खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं. हा शब्द आज मराठी वाचकालाही ठाऊक नाही, मग इंग्रजीत त्याचा हट्ट कशाला? तो फक्त लेखाचा उल्लेख येतो तिथे ठेवला. इतरत्र 'खडकात कोरलेलं टाकं' असं साध्या इंग्रजीत लिहिलं. आधी नुसतं 'टँक' होतं, ते वाचून पाहुणी वर छताकडे बघत होती.

'पांडवलेणी' हे नाव तसंच राहिलं. त्याचं भाषांतर केलं असतं तर ती पांडवांची मालमत्ता ठरली असती. नाव लोकांनी मागाहून दिलं, एवढं एक वाक्य जोडलं.

दुरुस्त केलेला कागद पाहुणीला पुन्हा वाचायला दिला. या वेळी तिने विचारलं, "एवढा दगड फोडायला पैसे कोणी दिले?"

मर्यादा साठ शब्दांची होती, मजकूर एकोणसत्तरवर गेला. 'भव्य', 'अप्रतिम' आणि 'कलेचा उत्कृष्ट नमुना' काढले, तेव्हा बसला.