खालच्या मजल्यासाठी लिहिलेलं पत्र

२०२४ च्या वारीत नाथांच्या पालखीचं पारगाव घुमरेचं रिंगण झालं आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या टाचेला फोड आला. मिडसांगवी, नांगरडोह सगळं डोळ्यांपुढून गेलं, पण मनात राहिली ती एक दुपार. पाऊस नाही, वारा नाही, डांबर तापलेलं. दिंडी पुढे गेली, टाळ ऐकू येईनासे झाले. एका वस्तीवरच्या म्हातारीनं हाक मारली, "बस की बाप्पा, कुठं पळू लागलास?" तिनं सुईदोरा आणला, सुई चुलीच्या जाळावर धरली, फोडातून दोरा ओवला आणि तसाच आत ठेवला, पाणी झिरपून जावं म्हणून. बाटलीच्या झाकणात खोबरेल तेल आणून टाचेला लावलं. नाव विचारलं तर म्हणाली, "माउली म्हण." उठताना तिच्या ओट्याची एकच पायरी उतरायची होती. ती उतरायला मला भिंत धरावी लागली.

दिंडीचा पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. त्या वर्षी पंढरपुरातल्या एका धर्मशाळेला मी लिहिलं होतं, "आषाढी एकादशीला चाळीसेक वारकरी मुक्कामास येतील, काही वृद्ध आहेत, सोय व्हावी." त्यांनी आमच्या खोल्या एकादशीच्या दुपारपासून धरल्या. आम्ही पोचलो दशमीच्या रात्री. ती रात्र व्हरांड्यात काढली. दुसऱ्या दिवशी खोल्या मिळाल्या त्या तिसऱ्या मजल्यावर, आणि संडास खाली. आमच्या दिंडीतल्या आक्का बसत बसत, एकेक पायरी सरकत वर गेल्या. मग त्यांनी पाणीच पिणं सोडलं. दोन दिवस मला कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांचे ओठ फुटले होते. "सारखं खाली कोण नेईल मला," एवढंच म्हणाल्या. मला व्यवस्थापकांचा राग आला होता, पण पत्राची नक्कल काढून वाचली तेव्हा दिसलं, त्यात त्यांना कळावं असं काहीच नव्हतं.

पुढच्या माघात मी घरोघर फिरून मोजणी केली. वय विचारून उपयोग नाही. पंच्याहत्तरीचे बप्पा जिना चढतात, साठीच्या काकू चढत नाहीत. म्हणून प्रत्येकाला एकच विचारलं, जिना चढता येतो का? मग दुसऱ्या धर्मशाळेला लिहिलं:

"स. न. वि. वि. नाथांच्या पालखीसोबत आमची दिंडी पायी येत आहे. आषाढ शुद्ध दशमी, शनिवार दि. ५ जुलै २०२५ रोजी रात्री आठच्या सुमारास पोचू आणि मंगळवार दि. ८ जुलै रोजी सकाळी निघू. मुक्काम तीन रात्री. एकूण ३८ जण : स्त्रिया २१, पुरुष १७. पासष्टीच्या पुढचे १४. एकूण ६ जणींना जिना चढता येत नाही. त्यांना तळमजल्यावर, संडासाजवळची एक खोली द्यावी, बाकीचे कुठेही राहतील. गाद्या नकोत, सतरंज्या चालतील. जेवण साधे : दशमीच्या रात्री भाकरी, वरण-भात, ५ जणांना दात नाहीत, त्यांना मऊ खिचडी. एकादशीस भगर व शेंगदाण्याची आमटी. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या ४ जणांना डॉक्टरांनी उपास मना केला आहे, त्यांना सकाळी भाकरी-भाजी. द्वादशीस पारण्याचे जेवण सकाळी लवकर. कांदा-लसूण नको. भोजनाची सोय नसल्यास तसे कळवावे, आम्ही शिधा आणू; स्वयंपाकास जागा व सिलिंडर चालेल का, तेही लिहावे. देणगी व अनामत किती, ते कळवावे. नावांची यादी व आधारच्या प्रती सोबत जोडल्या आहेत."

तिथी, वार आणि तारीख तिन्ही लिहिली, वर रात्री मोजून दिल्या. साखरवाल्यांचं मुद्दाम लिहिलं, कारण पंगतीत बसलं की ती माणसं भगरीशिवाय काही मागत नाहीत.

उत्तर आलं. भोजन मिळेल, एकच खोली तळमजल्यावर, बाकी दुसऱ्या मजल्यावर. ते पत्र मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तुळशीमाळेच्या बटव्यात ठेवलं. वाटेत दोघं आजारी पडून परतले, तेव्हा परांड्यातून फोन करून ३६ चा आकडा कळवला. दोन ताटं वाया जाऊ नयेत, आणि दोन जागा दुसऱ्या कुणाला मिळाव्यात.

दशमीच्या रात्री पोचलो तेव्हा पाऊस लागला होता. कुणी तरी पखवाज झाकायला माझंच घोंगडं ओढून नेलं, मी चिडलो, आणि तेवढ्यात दारात आमची यादी हातात घेऊन उभा असलेला सेवेकरी दिसला. "जिना न चढणाऱ्या माउली कोणत्या?" त्यानं विचारलं. माझा गळा भरून आला. खोलीच्या दाराला त्यानं खडूनं ६ लिहून ठेवलं होतं.

खिचडी मऊच होती. आक्कांनी तांब्याभर पाणी प्यायलं आणि रिकामा तांब्या माझ्यापुढे केला, "अजून आण."