तुम्ही विचारलंत म्हणून: फोटोत रंगवलेल्या केसांचं ‘आधी-नंतर’

“फोटोशॉपमध्ये केसांचा रंग बदलून केलेलं ‘आधी-नंतर’ पोर्टफोलिओत ठेवायचं आहे. बघणाऱ्याची फसवणूक होऊ नये म्हणून ते कसं करायचं?”

दोन्ही चित्रं एकाच फोटोतून काढा. ‘आधी’ खिडकीजवळचा आणि ‘नंतर’ पिवळ्या दिव्याखालचा असेल, तर केसांचा किती फरक रंगामुळे पडला आणि किती उजेडामुळे, हे कोणालाच सांगता येत नाही. RAW मध्ये फोटो घ्या. पहिल्या फ्रेममध्ये हनुवटीखाली करडं कार्ड धरा आणि त्यावर आयड्रॉपर टेकवून व्हाइट बॅलन्स ठरवा. कार्डावर लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. तीच सेटिंग कार्ड नसलेल्या फ्रेमला लावा आणि फाइल फोटोशॉपमध्ये उघडा. इथून पुढे उजेड, काँट्रास्ट, त्वचा यांना हात लावायचा नाही. ‘नंतर’मध्ये चेहरा थोडा उजळला की केसही छान दिसू लागतात, आणि श्रेय रंगाला जातं.

आता एक उदाहरण घेऊ. केस किती उजळ हे लेव्हलच्या आकड्याने सांगतात; आकडा मोठा, तितके केस उजळ. लेव्हल ४ चे, कधीही न रंगवलेले तपकिरी केस आहेत आणि दाखवायचा आहे लेव्हल ६ चा कॉपर. Select and Mask मधल्या Refine Hair ने मास्क करा, त्यावर Solid Color चा लेयर टाका आणि ब्लेंड मोड Color ठेवा. हा मोड फक्त रंग बदलतो. उजळपणा खालच्या फोटोचाच राहतो. त्यामुळे कॉपर मळकट, विटकरी दिसतो. तो उजळायला त्याच मास्कचा Curves लेयर लागतो, आणि खोटेपणा शिरतो तो इथूनच. रेघ आणखी थोडी वर ओढली की लेव्हल ८ सुद्धा होते. खऱ्या केसांवर, रंगात मिसळायच्या ६ टक्के पेरॉक्साइडच्या डेव्हलपरने साधारण एक-दोन लेव्हलच उचलल्या जातात. शिवाय केस आधी रंगवलेले असतील, तर नवा रंग जुन्या रंगाला उचलत नाही; तिथे ब्लीच किंवा कलर रिमूव्हर लागतो. म्हणजे तीच रेघ एका डोक्यावर शक्य कोटीतली आणि दुसऱ्यावर थाप.

किती वर ओढायची हे डोळ्यावर सोडू नका. त्या शेडचा स्वॅच, म्हणजे रंगवलेल्या तंतूंचा नमुना, त्याच जागी, त्याच एक्स्पोजरमध्ये टिपून ठेवा. Info पॅनेल Lab वर लावा आणि ना चमक ना सावली अशा भागात स्वॅचचा व केसांचा L, म्हणजे उजळपणाचा आकडा, ताडून बघा. केसांचा L स्वॅचच्या वर जाऊ देऊ नका, थोडा खालीच बरा. स्वॅच बहुधा पांढऱ्या किंवा फिकट तंतूंवर रंगवलेले असतात, त्यामुळे तपकिरी केसांवर खरा रंग त्याहून गडदच उतरतो.

चमकेकडेही बघा. केसांवरची सर्वांत प्रखर चमक पृष्ठभागावरून परतलेल्या उजेडाची असते, म्हणून ती जवळजवळ पांढरी दिसते. तीसुद्धा केशरी झाली की केस प्लॅस्टिकचे वाटतात. रंगाच्या लेयरच्या Blend If मध्ये Underlying Layer चा पांढरा बाण Alt दाबून फोडा आणि एक अर्धा साधारण २०० वर आणा. चमक मोकळी होईल.

मग परीक्षा. मूळ फोटोची प्रत सगळ्यांत वर ठेवून तिचा मोड Difference करा. जे बदललं नाही ते काळं दिसतं. कपाळाच्या कडेला, कानामागे किंवा भुवईवर उजळ पट्टा दिसला, तर मास्क त्वचेवर सांडला आहे. अंधुक गळती डोळ्याला दिसत नाही, म्हणून त्यावर तात्पुरता Levels लेयर टाकून पांढरा बाण डावीकडे ओढा. कपाळावरचे बारीक भुरभुरे केस मास्कमधून निसटले असतील, तर ते आहेत तसे तपकिरीच राहू द्यावेत, असं आमचं मत आहे. हाताने रंगवलेली बट लगेच ओळखू येते.

sRGB मध्ये एक्स्पोर्ट करताना ‘नंतर’च्या चित्रावरच लिहा: ‘रंग फोटोत बदलला आहे, केस रंगवलेले नाहीत’. ही ओळ फक्त खालच्या मजकुरात असली, तर चित्र पुढे पाठवताना मागे राहते. सोबत मूळ लेव्हल आणि केस आधी रंगवलेले होते की नव्हते हेही द्या. पुढे त्याच व्यक्तीचे केस खरोखर रंगवलेत, तर एडिट काढून टाकू नका. त्याच जागी, करडं कार्ड धरून, केस पूर्ण कोरडे असताना तिसरा फोटो घ्या (ओले केस नेहमी गडद दिसतात) आणि तिन्ही शेजारी लावा. एडिटमधला कॉपर खऱ्याहून किती उजळ निघाला, ते तिथे उघड दिसेल.