साडेचौदा हजारांतले खरे किती

"ताई, व्हिडिओ कुणाला दिसंनाच झालाय बघा." सोमवारी दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या काकांनी मोबाइल माझ्या हातात दिला. महाद्वार रोडच्या अलीकडे त्यांचं चपलांचं दुकान आहे, तिसरी पिढी. मी कोल्हापुरातल्या नऊ दुकानांची इन्स्टाग्राम खाती सांभाळते. मधले दोन महिने मात्र काकांच्या पुतण्यानं "मी बघतो" म्हणून हे खातं स्वतःकडे घेतलं होतं.

मी सोडलं तेव्हा खात्यावर चार हजार दोनशे फॉलोअर होते. आता साडेचौदा हजार होते. पण कापशी चपलेची वेणी विणतानाचा व्हिडिओ, जो एरवी वीस-पंचवीस हजार लोकांपर्यंत जायचा, तो चार दिवसांत सहाशेवर अडकला होता. वादीनं शिवण घालणारे हात, शेवटी घट्ट ओढून बसवलेला गोंडा, सगळं नीट टिपलेलं होतं. व्हिडिओत खोट नव्हती.

मी सेटिंगमध्ये जाऊन Account Status उघडलं. जे फॉलो करत नाहीत त्यांना हे खातं सुचवलं जात नाही, असं तिथं लिहिलेलं होतं. म्हणजे एक्सप्लोअर बंद, अनोळखी माणसाच्या रील्समध्ये येणं बंद. खातं उघडं, पोस्ट टाकता येते, म्हणून मालकाला काही कळतच नाही.

पुतण्याला बोलावलं. तो आधी काही बोलेना. मग मी त्याला फॉलोअरवाढीचा आलेख आणि प्रोफाइलला दिलेल्या भेटींचा आकडा शेजारी शेजारी दाखवला. ही माझी नेहमीची परीक्षा आहे. खरा माणूस आधी व्हिडिओ बघतो, मग प्रोफाइल उघडून चपला चाळतो आणि त्यातला एखादा फॉलो करतो. म्हणून भेटी नेहमी जास्त आणि नवे फॉलोअर कमी. इथं तीन रात्रींत दहा हजार फॉलोअर आले होते आणि त्या दिवसांतल्या भेटी दोनशेच्या आत होत्या. दारातून न येता दहा हजार माणसं घरात कशी? एवढं मला दिसतं, तर ज्यांच्याकडे प्रत्येक खात्याचं लॉगिन, वेळ आणि हालचाल नोंदलेली असते त्यांना दिसणारच.

"आणलंत नव्हं विकत?" काका एवढंच म्हणाले.

पुतण्यानं तीन गोष्टी केल्या होत्या. दहा हजार फॉलोअर विकत घेतले. फुकट लाइक देणाऱ्या एका अ‍ॅपला खात्याचा पासवर्ड दिला. आणि गावातल्याच दुकानदारांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटात शिरला, जिथं कुणी लिंक टाकली की बाकीच्यांनी अर्ध्या तासात लाइक, सेव्ह आणि चार शब्दांची कमेंट करायची.

यातला पासवर्ड सगळ्यात घातक. ते अ‍ॅप आपल्याला लाइक देतं कुठून? दुसऱ्या फसलेल्यांच्या खात्यांवरून. आणि आपलं खातं त्यांच्यासाठी राबवतं. काकांच्या खात्यावरून रात्री तीनला परदेशातल्या अनोळखी फोटोंवर लाइक जात होते. अशा अ‍ॅपवरून आलेले लाइक, फॉलो आणि कमेंट काढून टाकणार, असं इन्स्टाग्रामनं नोव्हेंबर २०१८ मध्येच जाहीर केलं होतं. तरी विकणारे आजही "शंभर टक्के सेफ" म्हणून विकतात आणि पोरं घेतात.

गटाबद्दल मात्र पुतण्या अडून बसला. "ती खरी माणसं आहेत की, ताई. आपल्या गावची." खरी आहेत, हे मान्य. पण तीच चाळीस माणसं, प्रत्येक पोस्टवर, लिंक पडल्यापासून दहा मिनिटांत. कमेंट अडतीस आणि व्हिडिओ बघण्याचा सरासरी वेळ तीन सेकंद. न बघता "खूप सुंदर कारागिरी" लिहिणारी माणसं असा ठसा सोडतात. त्याहून मोठं नुकसान वेगळं आहे. सुरुवातीला कोण थांबलं, यावरून पुढे कुणाला दाखवायचं ते ठरत जातं. इथं पहिल्या तासात बेकरीवाले, मोबाइल कव्हरवाले आणि एक जिमवाला होता. चप्पल घेणारा त्यांत कुणीच नव्हता. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली, तेव्हा देशभर लोक खरी कोल्हापुरी शोधू लागले होते. त्या काळात जमलेला प्रेक्षक या गटानं दोन महिन्यांत पातळ करून टाकला. गट चालवणाऱ्यांचा मला राग येतो. ते नव्या पोरांना हे "एकमेकांना साथ" म्हणून शिकवतात.

त्याच दिवशी पासवर्ड बदलला, सगळ्या मोबाइलवरून लॉग आउट केलं, जोडलेलं अ‍ॅप काढलं, टू-फॅक्टर लावलं. पुतण्यानं माझ्यासमोर गट सोडला. इन्स्टाग्रामकडे पुनर्विचाराची विनंती मात्र मी लगेच केली नाही. घाण तशीच ठेवून "आमचं काही चुकलं नाही" म्हणण्यात अर्थ नसतो. नवीन खातं काढण्याचा काकांचा विचारही मोडून काढला, कारण जुनी गिऱ्हाइकं आणि त्यांच्या मापांचे मेसेज याच खात्यात होते.

मग सुरू झालं खरं काम, फॉलोअर काढणं. हे एका दमात करता येत नाही. भराभर काढायला लागलं की तीच यंत्रणा त्यालाही यंत्राचं काम समजते आणि Try Again Later येतं. ते आलं की पुन्हा पुन्हा दाबून बघायचं नाही, दोन दिवस खात्याला हात लावायचा नाही. मी दिवसाला दीडशे-दोनशे काढत होते. फोटो नाही, नावापुढे आकडे, पोस्ट शून्य, आणि स्वतः फॉलो केलेली खाती सात हजारांच्या घरात, म्हणजे साडेसात हजारांच्या मर्यादेला टेकलेली. अशी खाती ओळखायला दोन सेकंद पुरतात. मधे इन्स्टाग्रामनंही बरीच काढली, एका सकाळी अडीच हजार एकदम उतरले. काका रोज आकडा बघून गप्प व्हायचे. शेजारच्या दुकानदारांना ते साडेचौदा हजार दाखवून झाले होते.

पोस्ट चालूच ठेवल्या, आठवड्याला तीन, सुभाषनगरातल्या कारागिरांच्या. लाइक मागितले नाहीत. पाचव्या आठवड्यात पुनर्विचाराची विनंती केली आणि काही दिवसांत Account Status मधली ती ओळ गेली. लोकांपर्यंत पोचणं मात्र लगेच वर आलं नाही. सहाशेचे दीड हजार, मग चार हजार, असं सरकत राहिलं. यंत्रणेला पुन्हा कळायला वेळ लागतो की ही चप्पल कुणाला आवडते. दंड तीनांपैकी नेमका कशाचा होता, ते तिथं लिहिलेलं नसतं, त्यामुळे पुतण्या अजून म्हणतो, गट निर्दोष होता.

आकडा चार हजारांवर थांबला. म्हणजे पहिल्यापेक्षा दोनशे कमी. ते दोनशे कोण, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. साताऱ्याहून एका निवृत्त मास्तरांचा दुकानात फोन आला. वीस वर्षांचं गिऱ्हाईक, नऊ नंबरची पुकारी दरवर्षी नेणारे. "तुमचं काही दिसत नाही हल्ली. उघडून बघितलं तर फॉलो करा म्हणतंय. मला काढलंत काय?" त्यांच्या प्रोफाइलला फोटो नव्हता, नावापुढे जन्मसाल होतं, पोस्ट एकही नव्हती. मीच काढलं होतं, माझ्या दोन सेकंदांत.

काकांनी त्यांची माफी मागितली आणि मला एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी दुकानातली मापांची जुनी वही मागून घेतली. आता त्यातली एकेक नावं इन्स्टाग्रामवर शोधते आहे. काढलेल्या माणसाला आपण परत आणू शकत नाही, त्यानंच पुन्हा फॉलो करावं लागतं. म्हणून प्रत्येकाला फोन करते. आतापर्यंत एकतीस झाले.