‘मला येतं’ असं कधी म्हणायचं?

स्टुटगार्टजवळच्या गावात राहायला येऊन मला दोन वर्षं झाली होती. जर्मन भाषेची ए१ ही पहिली पातळी पुण्यात झाली होती, ए२ इथल्या संध्याकाळच्या वर्गात. पुढे बी१ लागणार होतं, कारण कायमस्वरूपी राहण्याच्या परवान्यासाठी तेवढं जर्मन मागतात. वर्गाच्या बाईंनी पहिल्याच दिवशी आम्हाला एक चेकलिस्ट दिली. युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषांच्या पातळ्यांची जी चौकट काढली, ए१ पासून सी२ पर्यंतची, तिच्यावरून केलेली. व्याकरणाचं नाव नाही. सगळी वाक्यं ‘मी अमुक करू शकते’ अशीच. ऐकणं, वाचणं, संभाषण, सलग बोलणं, लिहिणं असे पाच भाग, आणि प्रत्येक वाक्यापुढे तीन रकाने: माझं मत, शिक्षकांचं मत, आणि हे पुढचं उद्दिष्ट आहे का. खाली एक टीप होती की ऐंशी टक्क्यांहून जास्त वाक्यांपुढे खूण झाली तर बहुधा ती पातळी आली असं समजायचं.

मी रात्री जेवणं आटोपल्यावर पेन्सिल घेऊन बसले आणि अर्ध्या तासात पान भरून टाकलं. ऐंशी टक्के सहज झाले. ‘ओळखीच्या विषयांवर स्पष्ट, प्रमाण भाषेत बोललेलं असेल तर मुख्य मुद्दे मला समजतात.’ समजतात की! रोज मोबाइलवर बातम्या ऐकत होते, खूण करायला हात अडखळला नाही.

मग गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी१ परीक्षेचा नमुना पेपर घरी घड्याळ लावून सोडवला. वाचनात ३० पैकी २३. ऐकण्यात ३० पैकी १३, म्हणजे शंभरात ४३, आणि पास व्हायला प्रत्येक भागात ६० लागतात.

आधी वाटलं, पेपरच अवघड आहे. नंतर भागवार मोजलं. या परीक्षेत ऐकण्याचे चार भाग असतात. पहिला आणि चौथा दोनदा ऐकवतात, दुसरा आणि तिसरा एकदाच. पहिल्या भागात मला १० पैकी ६ होते, चौथ्यात ८ पैकी ४. मधल्या दोन्ही भागांत मिळून १२ पैकी ३. नुसते तुक्के मारले असते तरी याहून जास्त आले असते. तेव्हा लक्षात आलं की मी बातम्या ‘ऐकत’ होते म्हणजे प्रत्येक वाक्य दोन-तीनदा मागे नेत होते. चेकलिस्टवरच्या वाक्यात मागे नेण्याबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी ते सोयीस्करपणे माझ्या बाजूने वाचलं.

पान घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी त्यांचा रकाना भरायच्या आधी एकेका खुणेवर बोट ठेवून एकच प्रश्न विचारला, “हे शेवटचं कधी केलंत?” चार-पाच ठिकाणी मला तारीख सोडाच, प्रसंगही आठवेना. त्यांनी स्वतःचा रकाना निम्मा रिकामा सोडला.

घरी येऊन मी नवं पान केलं. प्रत्येक वाक्यापुढे तीन गोष्टी लिहायच्या: कधी केलं, कोणाशी, आणि कशाचा आधार घेतला. आधार म्हणजे आधी लिहून ठेवलेला मजकूर, शब्दकोश, समोरच्याने मुद्दाम हळू बोलणं, ऐकलेलं मागे नेणं, सगळं. दोन वेगवेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या माणसांशी, तयारीशिवाय जमलं तरच पक्की खूण. हा नियम माझाच, चौकटीत तो कुठे नाही. पण तो नसता तर मी अजूनही स्वतःची पाठ थोपटत बसले असते.

त्या पानावरची फोनची ओळ सांगण्यासारखी आहे. ‘मी फोनवर साधी विचारपूस करून वेळ ठरवू शकते’ हे वाक्य मला अगदी किरकोळ वाटायचं. मुलाच्या दाताच्या डॉक्टरांकडे फोन केला तेव्हा कागदावर चार वाक्यं लिहून समोर ठेवली होती. पलीकडच्या बाईंनी पहिलंच विचारलं, आधी आमच्याकडे आला आहात का? हे माझ्या कागदावर नव्हतं. कसंबसं निभावलं. मग त्या म्हणाल्या, मंगळवारी ‘हाल्ब द्राय’. मी साडेतीनला मुलाला घेऊन हजर. वेळ होती अडीचची! जर्मनमध्ये ‘अर्धा तीन’ म्हणजे तीनच्या दिशेने अर्धा गेलेला तास. हे मी ए१ मध्ये पाठ केलं होतं, पण ऐनवेळी डोक्यात इंग्रजीतला ‘हाफ’ शिरला आणि त्याला मी ‘साडे’ लावलं. आपल्याकडे ‘अडीच’ म्हणून घसघशीत शब्द असताना इंग्रजीमार्गे जायची गरजच नव्हती. आकड्यांचंही तसंच. ‘फ्युन्फ-उंट-त्स्वान्सिग’ म्हणजे पाच आणि वीस, सरळ आपलं पंचवीस. ट्वेंटी-फाइव्हवरून ते गाठायला गेलं की ५२ लिहिलं जातं. हे उमगल्यावर मी आकडे आणि वेळा मराठीतच ऐकायला लागले.

त्या ओळीपुढे मी लिहिलं: एक फोन, कागदाचा आधार, वेळ चुकली. खूण नाही.

काही खुणा मात्र उलट्या दिशेने चुकल्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या आजी श्वेबिश, म्हणजे इकडची बोली, बोलतात. त्यांचं निम्मं कळत नाही म्हणून संभाषणाच्या दोन ओळींपुढे मी काटच मारली होती. बाईंनी वाक्य पुन्हा वाचायला लावलं: ‘स्पष्ट, प्रमाण भाषा’. आजींची बोली त्यात बसतच नाही. आजी ‘फीर्टेल द्राय’ म्हणतात, म्हणजे सव्वादोन, आणि ते ऐकून उत्तरेकडचे जर्मनसुद्धा गोंधळतात म्हणे. तेव्हा ते न कळणं हे माझं बी१ नसण्याचं लक्षण नव्हतं.

ऐकण्यासाठी मग एकच बदल केला. रोज रेडिओवरची एक छोटी मुलाखत लावायची, थांबवायची नाही, संपल्यावर तीन ओळींत कोण काय म्हणालं ते लिहायचं, आणि मगच दुसऱ्यांदा ऐकून ताडून बघायचं. पहिले दोन आठवडे वही वाचवत नव्हती. ‘बाई काहीतरी झाडांबद्दल रागावली आहे’ असलं लिहिलेलं आहे त्यात. साधारण सहाव्या आठवड्यापासून नावं आणि कारणं जागेवर पडायला लागली. चौथ्या महिन्यात परीक्षा दिली. ऐकण्यात ७३ आले. लिहिण्यात ऐकण्यापेक्षा कमी, पण ते प्रकरण वेगळं आहे.

फोनची ओळ परीक्षेनंतरही अर्धवटच होती. गेल्या महिन्यात गाडीच्या सर्व्हिसिंगसाठी गॅरेजला फोन केला, कागद न घेता. पलीकडचा माणूस भरभर बोलत होता, वेळ पुन्हा ‘हाल्ब’ वालीच. मी मध्येच थांबवून विचारलं, म्हणजे चौदा-तीस ना? तो हो म्हणाला. बाईंना सांगितलं तेव्हा मी जरा ओशाळूनच म्हणाले की विचारावं लागलं, म्हणजे हाही आधारच झाला. त्या म्हणाल्या, न कळलेलं विचारून घेणं हे त्याच चौकटीतलं स्वतंत्र कौशल्य आहे, आणि त्यांच्या रकान्यात खूण केली. माझ्या रकान्यात मी अजून केलेली नाही. दुसरा फोन व्हायचा आहे.