टीव्हीवर ४१, फोनवर १४८: वेग नेमका अडतो कुठे

देवगडच्या घरातल्या नेटची नोंद या वेळी फक्त टीव्हीपुरती. लाइन १५० एमबीपीएसची फायबर. राउटर ओटीवर, टीव्ही माजघरात, मध्ये जांभ्याच्या चिऱ्यांची जाडजूड भिंत. टीव्हीच्या ब्राउझरमध्ये fast.com उघडून चाचणी घेतली तर ४१. त्याच वेळी टीव्हीला टेकवून धरलेल्या फोनवर १४८. पुतण्या लगेच म्हणाला, "काका, फोनार दीडशे येतत, लाइन बरी आसा. टीव्हीच बिघडलो." लाइनबद्दल त्याचं बरोबर होतं. टीव्हीबद्दल मात्र एवढ्यावरून काहीच ठरत नाही, कारण ४१ या आकड्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: वायफायचा बँड, टीव्हीचा जोडणीचा भाग आणि टीव्हीचा ब्राउझर. त्या एकेक करून सोडवायच्या, तर फोन हीच आपली मोजपट्टी.

मोजपट्टी आधी नीट धरायला हवी. फोनचा मोबाइल डेटा बंद, दोन्हीकडे एकच साइट, आणि चाचण्या एकामागून एक. दोन्ही एकदम लावल्या की दोघं एकच लाइन वाटून घेतात आणि दोन्ही आकडे निकामी होतात. साइट एकच हवी, कारण fast.com नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजते आणि दुसऱ्या साइट स्वतःचे वेगळे सर्व्हर निवडतात. तिथला फरक टीव्हीचा समजून बसायला नको. शिवाय फोन टीव्हीच्या समोर नाही, मागे धरायचा. टीव्हीचा अँटेना मागच्या बाजूला असतो, पुढे पॅनेलचा पत्रा आणि मागे भिंत. माझ्याकडे समोर १४८ देणारा फोन मागे धरल्यावर १२२ वर आला. म्हणजे टीव्हीच्या जागेवर सिग्नल थोडा उतरतो, पण १२२ आणि ४१ यांच्यातला फरक सिग्नलने भरून निघत नाही.

मग फोन मुद्दाम २.४ गिगाहर्ट्झवर टाकला. राउटरवर दोन्ही बँडला एकच नाव होतं, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन ती वेगळी केली: Ghar आणि Ghar_5G. फोन Ghar वर जोडून टीव्हीच्या मागे धरला तर ४४. टीव्हीचे ४१ आणि फोनचे ४४ इतके जवळ आले की टीव्ही २.४ वर बसला होता, हे उघड झालं. नाव एक असताना टीव्हीने तोच बँड धरला, आणि असं बऱ्याच घरांत होतं. २.४ चा सिग्नल जांभ्यातून ५ पेक्षा बरा जातो, त्यामुळे पट्ट्या भरलेल्या दिसतात आणि कोणाला शंका येत नाही. पण २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर एका स्ट्रीमची जोडणी कागदावरच ७२ एमबीपीएसची असते. प्रत्यक्षात हाती चाळीस-पन्नास लागले तर त्यात नवल नाही.

टीव्ही Ghar_5G वर नेला. आकडा ६३. सुधारला, पण फोन त्याच जागी १२२ दाखवतोय. बहुतेक जण इथे टीव्हीचं वायफाय कमजोर आहे असं म्हणून थांबतात. मला ते तपासायचं होतं, म्हणून वायफायच बाजूला काढलं आणि राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅन केबल ओढली. केबल आधी लॅपटॉपला लावून पाहिली, तिथे पूर्ण १४८ आले. टीव्हीचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचं आहे, अजूनही बहुतेक टीव्हींचं तेवढंच असतं. हेडर वगैरेचा भार वजा जाता अशा पोर्टवर चाचणीत ९४-९५ दिसायला हवेत. म्हणून ९४ आले असते तर दोष वायफायचा, असं मी आधीच ठरवून ठेवलं होतं. टीव्हीच्या ब्राउझरने दाखवले ६४.

वायफायवर ६३, केबलवर ६४. वाट पूर्ण बदलली आणि आकडा जागचा हलला नाही. म्हणजे अडणारी गोष्ट दोन्ही वाटांच्या पलीकडे, टीव्हीच्या आत आहे. वेगाच्या साइटवर डेटा जावास्क्रिप्टमधून खेचला आणि मोजला जातो, आणि ते काम टीव्हीच्या प्रोसेसरवर पडतं. हा प्रोसेसर व्हिडिओच्या हार्डवेअर डीकोडरच्या जोरावर ४के सहज चालवतो, पण ब्राउझरच्या कामात फोनच्या बराच मागे असतो. त्यात ब्राउझरचं इंजिनही जुनं राहतं: एलजीच्या २०२० च्या वेबओएस ५.० मध्ये क्रोमियम ६८ आहे, म्हणजे २०१८ सालचं. खूण डोळ्यांनी दिसते. चाचणी चालू असताना आकडा सलग चढत नाही, थबकतो आणि उडी मारतो, आणि रिमोटचा बाण तेवढा वेळ अडकतो. फोनवर पुन्हा पुन्हा घेतल्यावर आकडे १४६ ते १४९ मध्ये राहिले, टीव्हीवर ५५ ते ६६ असे पसरले.

ब्राउझरला वगळून टीव्ही किती घेतो, हे बघायचं तर यूट्यूबच्या ॲपमध्ये ४के व्हिडिओ लावून Stats for nerds चालू करायचं. कोपऱ्यातल्या तक्त्यात Connection Speed ची ओळ असते, Kbps मध्ये. केबलवर ती सुरुवातीच्या भरण्यात ८८,००० च्या पुढे गेली. म्हणजे साधारण ८८ एमबीपीएस, त्याच टीव्हीवर, जिथे ब्राउझर ६४ वर अडला होता. ही ओळ स्पीड टेस्ट नाही. व्हिडिओचे तुकडे येतात तेव्हाचा वेग ती सांगते आणि सतत वरखाली होते, म्हणून तिच्यातला मोठ्यात मोठा टिकणारा आकडाच धरावा. पण ६४ ही टीव्हीची मर्यादा नाही, एवढं तिने नक्की केलं. नेटफ्लिक्स ४के साठी १५ एमबीपीएस मागतं, त्यामुळे चित्रपट बघायला मुळातले ४१ सुद्धा पुरत होतेच.

मग संध्याकाळी हाच वेग टिकतो का? रात्री नऊच्या सुमारास हीच जोडी पुन्हा लावली. फोन ३१, टीव्ही २९. ही नोंद मला सगळ्यात मोलाची वाटते. दिवसा दोघांत दुपटीचा फरक आणि रात्री दोघं जवळजवळ सारखे, म्हणजे अडथळा दोघांनाही समान आहे आणि तो ब्राउझरच्या मर्यादेच्याही खाली आहे. ओटीवर राउटरला केबलने लावलेल्या लॅपटॉपवरही ३० च आले, म्हणजे घरातलं वायफायही सुटलं. राहिली लाइन. लाइनवाल्याकडे तक्रार देताना मी टीव्हीचा आकडा दिला नाही. लॅपटॉपचे केबलवरचे दिवसाचे १४८ आणि रात्रीचे ३०, वेळेसकट स्क्रीनशॉट, एवढंच दिलं. टीव्हीचा आकडा दिला असता तर "तुमचा टीव्हीच स्लो आहे" हे उत्तर ठरलेलं होतं, आणि ६४ पर्यंत ते खरंही ठरलं असतं.

टीव्ही आता कायम Ghar_5G वर ठेवलाय. केबल गुंडाळून कपाटात, पावसाळ्यात विजा कडकडत असताना राउटर ते टीव्ही अशी तांब्याची तार मला नको. यूएसबीचं गिगाबिट ॲडॅप्टर लावून १०० च्या पोर्टची अडचण काढता येते, ज्या टीव्हीचं सॉफ्टवेअर ते ओळखतं त्यावर. पण माझ्या टीव्हीच्या ब्राउझरमध्ये त्यानंतरही ६४ च्या आसपासच दिसणार, म्हणून ते मापायचंच झालं तर Connection Speed च्या ओळीवर मापेन.