भाच्याला लिहिलेलं पत्र

सातपूरच्या कंपनीतली नोकरी सोडून दिवसभर ट्रेडिंग करायचं भाच्याच्या डोक्यात आहे. आज त्याला पत्र लिहिलं. नाव गाळून इथे टाकतोय.

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

तुझी वही बघितली. नफा-तोटा नीट मांडलायस, खर्चाचा रकाना मात्र कोरा. समज, एक लाखाचे शेअर घेतलेस आणि त्याच दिवशी विकलेस. ब्रोकरेज दोन्ही वेळचं २०-२० रुपये, विक्रीवर एसटीटी २५, वर स्टॅम्प ड्युटी, एक्सचेंजचं शुल्क, जीएसटी. भाव जागचा हलला नाही तरी साधारण ८० रुपये गेले. तू रोज असे पाच सौदे करायचं म्हणतोस. महिन्याच्या वीस दिवसांत झाले आठ हजार. भांडवल दोन लाख, म्हणजे महिन्याला चार टक्के कमावलेस तर तू शून्यावर! (गणिताचा मास्तर, सवय जात नाही.) घरखर्च त्यानंतरचा.

सेबीच्या पाहणीत २०२२-२३ मध्ये शेअर्समध्ये इंट्राडे करणाऱ्या दहापैकी सात जण तोट्यात होते.

राजीनामा तूर्त खिशात ठेव. ब्रोकर पाठवतो त्या कॉन्ट्रॅक्ट नोट्स काढ आणि एकेक खर्च त्या रकान्यात उतरव. रविवारी गंगापूर रोडला ये, बेरीज दोघं मिळून करू.

तुझा मामा