बंद दाराबाहेरचा निवेदक

डेक्कनला आमच्या कॉलेजात एम.ए.च्या प्रबंधांचे मसुदे तपासायचे दिवस होते. बाहेर धो धो पाऊस. एका विद्यार्थिनीने काझुओ इशिगुरोंच्या 'द रिमेन्स ऑफ द डे' (१९८९) वर लिहिलं होतं. निवेदक स्टीव्हन्स हा बटलर. त्याचं वाक्य देऊन तिने निष्कर्ष काढला होता: 'कादंबरीच्या मते मालकनिष्ठा हीच माणसाची प्रतिष्ठा.' मी समासात लिहिलं, 'हे स्टीव्हन्सचं मत. कादंबरीचं कशावरून?'

ती वाचून म्हणाली, "सर, मग तो म्हणतो त्याच्या उलट धरायचं का?"

हाही सापळाच. अमेरिकी समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ मध्ये 'अविश्वसनीय निवेदक' ही संज्ञा रूढ केली, पण अविश्वसनीय म्हणजे प्रत्येक शब्द खोटा असं नव्हे. मी तिला कादंबरीतल्या, मालकाच्या घरी भरलेल्या १९२३ च्या परिषदेचा प्रसंग काढायला लावला. वरच्या मजल्यावर त्याचे वडील शेवटच्या घटका मोजताहेत आणि स्टीव्हन्स खाली पाहुण्यांना पेय देतोय. आपल्याला काय वाटतंय याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. पण त्याचे मालक लॉर्ड डार्लिंग्टन त्याला विचारतात, तू रडतोयस की काय? तो दिवसभराच्या दगदगीवर ढकलून रुमालाने तोंड पुसतो. स्वतःबद्दल जे तो कबूल करत नाही, ते दुसऱ्याच्या तोंडून त्याच्याच निवेदनात येतं. म्हणून इथे 'तो रडत होता' असं ठामपणे लिहिता येतं.

तिने लगेच पुढची पानं उलटली. "आणि मिस केंटन दाराआड रडत होती, ते?"

मी 'हो' म्हणणार होतो. वर्गात कित्येक वर्षं तसंच सांगत आलोय. पण पानं समोर होती आणि दोघांनी ओळ न् ओळ वाचली. हाउसकीपर केंटनच्या बंद दारासमोर स्टीव्हन्स उभा आहे, ती आत रडतेय अशी त्याची खात्री आहे. दार तो उघडतच नाही. आधी तो ही आठवण तिची मावशी वारल्याच्या बातमीशी जोडतो. नंतर म्हणतो, आपला थोडा गोंधळ झाला असावा, हे त्यानंतर काही महिन्यांनी घडलं. त्याच संध्याकाळी केंटनने लग्नाची मागणी स्वीकारल्याचं त्याला सांगितलेलं असतं.

म्हणजे ती रडत होती की नाही, हे या पानांवरून सिद्धच होत नाही. आत पाहिलेलं दुसरं कुणी नाही, डार्लिंग्टनांसारखा प्रश्न विचारणाराही नाही. सिद्ध होतं ते एवढंच, की तो उभा होता, त्याला खात्री होती, आणि ते दुःख त्याने आधी मावशीच्या नावावर टाकलं. स्मृती कुठे सरकली हेच वाचकाच्या हातातलं पक्कं.

माझ्या जुन्या नोट्समधलं ते वाक्य मी तिच्यासमोरच खोडलं. तिने आपल्या मसुद्यात लिहिलं: 'केंटनच्या लग्नाचा आपल्याशी संबंध आहे, हे स्टीव्हन्स आठवणीतसुद्धा एकदम मान्य करू शकत नाही.' त्याखाली दोन्ही उताऱ्यांचे पृष्ठक्रमांक टाकले.